विश्लेषण : सबस्क्रायबर फक्त ८ हजार, तरी ब्रँडने पैसे का द्यावेत? छोट्या चॅनलच्या पत्रातल्या आकड्यांचा अर्थ

लातूर जिल्ह्यातलं अहमदपूर आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले लोहा, कंधार हे सगळे सोयाबीन आणि तुरीचे तालुके. समजा, इथला एक तरुण शेतकरी मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ करतो. त्याच्या चॅनलला ८,४०० सबस्क्रायबर आहेत. फवारणी पंप बनवणाऱ्या एका कंपनीला तो जाहिरातीसाठी विचारतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "सबस्क्रायबर किती?" आकडा सांगितला की बोलणं तिथेच थांबतं, कारण बहुतेक कंपन्यांच्या डोक्यात एक लाखाच्या आतलं चॅनल म्हणजे 'नंतर बघू' असतं.

अशा चॅनलने ब्रँडला पत्र लिहिताना सबस्क्रायबरऐवजी एंगेजमेंटचे आकडे पुढे ठेवले, तर चित्र बदलतं का? बदलतं, पण आकडे नीट निवडले तरच. अशा पत्रात नेमकं काय असावं, प्रत्येक आकडा कुठून येतो आणि तो कुठे फसवतो, हे एका उदाहरणातून समजून घेऊ. यातलं चॅनल, कंपनी आणि त्यांचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. यूट्यूबचे आणि जाहिरातीचे नियम मात्र खरे आहेत.

सबस्क्रायबरच्या आकड्यात अडचण काय आहे?

सबस्क्रायबर हा साठलेला आकडा आहे. चार वर्षांपूर्वी कोणी बटण दाबलं आणि नंतर एकही व्हिडिओ पाहिला नाही, तरी तो माणूस मोजला जातोच. लातूरमध्ये नीटची तयारी करायला आलेला विद्यार्थी दोन वर्षं अभ्यासाची चॅनल पाहतो आणि प्रवेश मिळाला की ती सोडून देतो. सबस्क्रिप्शन रद्द करायला कोणी बसत नाही. त्यामुळे जुन्या चॅनलचा आकडा मोठा असतो आणि आजचे प्रेक्षक त्याच्या एका तुकड्याएवढे असू शकतात.

दुसरी अडचण बनावट वाढीची. 'सब टू सब' म्हणजे तू माझं चॅनल सबस्क्राइब कर, मी तुझं करतो, असे व्यवहार सर्रास चालतात. यूट्यूबच्या नियमांनुसार त्याला मनाई आहे. पण आधीच वाढलेला आकडा बाहेरून पाहणाऱ्याला खराच वाटतो.

तिसरं म्हणजे, व्हिडिओ आता मुख्यतः यूट्यूबच्या शिफारशींतून आणि सर्चमधून पोचतात. यूट्यूब स्टुडिओत व्ह्यूज सबस्क्रायबरचे किती आणि इतरांचे किती, हे वेगळं पाहता येतं. अनेक चॅनलवर निम्म्याहून जास्त व्ह्यूज सबस्क्राइब न केलेल्यांचे असतात. म्हणजे ब्रँड ज्या आकड्यावरून भाव ठरवतो, त्याचा जाहिरात किती जणांना दिसेल याच्याशी फारसा संबंध उरत नाही.

मग पत्रात काय लिहायचं?

आपल्या उदाहरणातल्या चॅनलचं पत्र असं असू शकतं :

> प्रति,
> विपणन विभाग
>
> विषय : बॅटरीवरच्या फवारणी पंपाच्या जाहिरातीबाबत
>
> महोदय, नमस्कार.
>
> मी अहमदपूर भागातून सोयाबीन, तूर आणि हरभरा या पिकांवर दर आठवड्याला एक व्हिडिओ करतो. आपले पंप लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या कृषी सेवा केंद्रांत मिळतात, म्हणून हे पत्र.
>
> माझ्या शेवटच्या दहा व्हिडिओंपैकी मधल्या व्हिडिओला पहिल्या २८ दिवसांत ६,२०० व्ह्यूज आले. एका व्हिडिओला ६१ हजार व्ह्यूज आहेत, पण तो अपवाद आहे. आपण ६,२०० च धरावेत.
>
> व्हिडिओ साधारण ८ मिनिटांचा असतो. तिसऱ्या मिनिटाला ५८ टक्के व्ह्यूज टिकून असतात. जाहिरात तिथे ठेवली, तर ती सुमारे ३,६०० वेळा पाहिली जाईल.
>
> अपवादाचा व्हिडिओ सोडून बाकी नऊ व्हिडिओंवर ४३० कमेंट आल्या. त्यांपैकी १६० जणांनी गाव किंवा तालुका लिहिला आहे. त्यात ११२ जण लातूर-नांदेडचे आहेत. यादी सोबत जोडली आहे.
>
> एका व्हिडिओसाठी माझा दर ९,००० रुपये आहे. व्हिडिओत आणि खाली वर्णनात 'जाहिरात' असं स्पष्ट लिहीन. पंप आधी दोन आठवडे माझ्या शेतात वापरेन आणि जे दिसेल तेच सांगेन.
>
> स्टुडिओतले आकडे आपण स्वतः पाहू शकाल अशी सोय करून देतो.
>
> आपला विश्वासू

पत्रात सबस्क्रायबरचा उल्लेखही नाही. तो लपवायचं कारण नाही, ब्रँडला तो चॅनलवर दिसतोच. पण या पत्राने चर्चा ब्रँडच्या खऱ्या प्रश्नावर नेली आहे : माझा माल जिथे विकला जातो, तिथले किती लोक ही जाहिरात खरोखर पाहतील?

सरासरी ११,५५० येत असताना ६,२०० का लिहायचं?

या चॅनलच्या दहा व्हिडिओंचे व्ह्यूज चढत्या क्रमाने मांडले तर असे आहेत : ४,१००, ४,९००, ५,३००, ५,८००, ६,०००, ६,४००, ६,७००, ७,२००, ८,१०० आणि ६१,०००. सगळ्यांची बेरीज १,१५,५००. दहाने भागलं की सरासरी ११,५५० येते.

हा आकडा गणिताने बरोबर आहे, पण दहापैकी नऊ व्हिडिओ त्याच्या जवळही पोचलेले नाहीत. गारपिटीवरचा एक व्हिडिओ विदर्भात फिरला आणि त्याने एकट्याने सरासरी जवळपास दुप्पट केली. ब्रँडचा पुढचा व्हिडिओही तसाच चालेल, असं कोणी सांगू शकत नाही.

म्हणून मधला आकडा घ्यायचा. दहा व्हिडिओ असतील तर पाचव्या आणि सहाव्याची सरासरी, म्हणजे ६,००० आणि ६,४०० यांच्या मधला ६,२००. याला मध्यक म्हणतात. सगळ्या व्हिडिओंना सारखाच कालावधी लावणंही महत्त्वाचं आहे, नाहीतर वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ आणि मागच्या आठवड्यातला व्हिडिओ एकाच तराजूत तोलले जातात. 'पहिले २८ दिवस' ही अट त्यासाठीच आहे.

यात छोट्या चॅनलचा तोटा दिसतो, पण व्यवहार म्हणून फायदा आहे. ११,५५० सांगून व्हिडिओ ६ हजारांवर थांबला, तर ती कंपनी पुन्हा काम देत नाही. ६,२०० सांगून ६,७०० आले, तर दुसऱ्या कामाची बोलणी सुरू होते.

३,६०० हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा का?

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो. व्हिडिओच्या कोणत्या क्षणापर्यंत किती टक्के प्रेक्षक टिकले, हे तो दाखवतो. याला ऑडियन्स रिटेन्शन म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात आलेख झपकन खाली येतो, पुढे उतार मंद होतो.

ब्रँडची जाहिरात व्हिडिओत एका ठराविक जागी असते. त्या जागेपर्यंत किती जण पोचले, हाच त्याच्या कामाचा आकडा. ६,२०० चे ५८ टक्के म्हणजे ३,५९६, ढोबळमानाने ३,६००. हे व्ह्यूज आहेत, माणसं नव्हेत. एकाच शेतकऱ्याने व्हिडिओ दोनदा पाहिला तर तो दोनदा मोजला जातो. म्हणूनच पत्रात 'लोक' न म्हणता 'वेळा' म्हटलं आहे.

आता याच कंपनीसमोर दुसरं चॅनल ठेवू. सबस्क्रायबर २ लाख १० हजार, विषय थोडी करमणूक, थोड्या बातम्या, थोडी शेती. मधला व्हिडिओ ९,५०० व्ह्यूजचा. तिसऱ्या मिनिटाला टिकतात २७ टक्के. दर ४०,००० रुपये. जाहिरात पोचेल ती ९,५०० चे २७ टक्के, म्हणजे सुमारे २,५६५ वेळा. एकदा जाहिरात पाहिली जाण्याचा खर्च इथे साडेपंधरा रुपयांच्या आसपास येतो. छोट्या चॅनलवर तो ९,००० भागिले ३,६००, म्हणजे अडीच रुपये.

सबस्क्रायबरच्या हिशोबाने मोठं चॅनल पंचवीसपट मोठं आहे. जाहिरात पाहिली जाण्याच्या हिशोबाने ते छोटं ठरतं आणि सहापट महाग पडतं. प्रत्येक मोठ्या चॅनलचं असंच असेल असं नाही, पण हा भागाकार केल्याशिवाय ते कळत नाही.

लाइक, कमेंट आणि शेअर यांची बेरीज करून काढलेली एंगेजमेंटची टक्केवारी पत्रात का नाही, असा प्रश्न पडेल. ती टक्केवारी कोणी व्ह्यूजने भागून काढतं, कोणी सबस्क्रायबरने. सूत्र बदललं की उत्तर बदलतं. शिवाय 'फसवणूक आहे ही' अशी कमेंटसुद्धा त्यात एंगेजमेंट म्हणून मोजली जाते. टक्केवारी द्यायचीच असेल, तर कशाला कशाने भागलं ते शेजारी लिहिलं पाहिजे.

प्रेक्षक लोह्याचा, स्टुडिओत दिसतं पुणे?

मराठवाड्यातल्या चॅनलची खरी अडचण इथे आहे. यूट्यूब ॲनालिटिक्समध्ये शहरानुसार प्रेक्षक पाहता येतात. पण हे ठिकाण बऱ्याच अंशी इंटरनेट जोडणीवरून ठरवलं जातं. मोबाइल डेटा वापरणाऱ्याची जोडणी अनेकदा दूरच्या मोठ्या शहरातल्या यंत्रणेतून जाते. त्यामुळे लोह्याच्या शिवारात बसून व्हिडिओ पाहणारा शेतकरी पुण्याचा किंवा मुंबईचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. गावाकडे बहुतेक जण मोबाइल डेटावरच असल्याने ही चूक छोटी राहत नाही.

परिणाम असा, की लातूर-नांदेडमध्ये चांगलं पाहिलं जाणारं चॅनल कागदावर पुण्याचं दिसतं. कंपनीचा माणूस तो स्क्रीनशॉट पाहून म्हणतो, "आमचे डीलर तर लातूर-नांदेडला आहेत."

म्हणून पत्रात हाताने केलेली मोजणी आहे. शेतीच्या व्हिडिओवर लोक प्रश्न विचारताना गाव लिहितात : 'मी कंधारहून, पानं पिवळी पडताहेत, काय करू?' अशा १६० कमेंटपैकी ११२ दोन जिल्ह्यांतल्या, म्हणजे ७० टक्के. ३,६०० ला हे प्रमाण लावलं, तर सुमारे २,५०० व्ह्यूज कंपनीच्या विक्रीच्या भागातले असावेत.

ही मोजणी काटेकोर नाही. कमेंट करणारे लोक हे सगळ्या प्रेक्षकांचे प्रतिनिधी असतीलच असं नाही. ओळखीचे, जवळच्या गावचे लोक जास्त कमेंट करतात, त्यामुळे खरं प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी असू शकतं. म्हणून पत्रात फक्त मोजलेले आकडे आणि यादी दिली आहे, अंदाज कंपनीवर सोडला आहे. स्टुडिओतला शहरांचा तक्ताही सोबत द्यावा आणि पुणे वर का दिसतं ते एका वाक्यात सांगावं. तो लपवला, तर शंका वाढते.

शॉर्ट्सचे व्ह्यूज वेगळे का ठेवायचे?

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सची मोजणी बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिलं याची किमान अट नाही. बोटाने वर सरकवताना क्षणभर दिसलेला शॉर्टही त्यात येतो. जुन्या पद्धतीची मोजणी ॲनालिटिक्समध्ये 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने वेगळी दिसते, आणि शॉर्ट्सची कमाई व पार्टनर प्रोग्रामची पात्रता तिच्यावरच ठरते.

त्यामुळे एप्रिल २०२५ नंतर एखाद्या चॅनलचे शॉर्ट्स अचानक वाढलेले दिसले, तर प्रेक्षकच वाढले असतील असं नाही. पत्रात लांब व्हिडिओ आणि शॉर्ट्स यांची बेरीज करून 'महिन्याला २ लाख व्ह्यूज' असं लिहिणं म्हणजे दोन वेगळी मापं एकत्र करणं. जाहिरात लांब व्हिडिओत असेल, तर आकडेही लांब व्हिडिओचेच हवेत. शॉर्ट्सचे द्यायचे झाले, तर एंगेज्ड व्ह्यूज द्यावेत.

ब्रँडने हे आकडे खरे कसे मानायचे?

स्क्रीनशॉट बदलता येतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यावर सोपा उपाय यूट्यूबमध्येच आहे. स्टुडिओच्या Settings मध्ये Permissions या ठिकाणी दुसऱ्या व्यक्तीला मर्यादित प्रवेश देता येतो. Viewer (limited) ही भूमिका दिली, तर समोरच्याला आकडे पाहता येतात. तो काही बदलू शकत नाही आणि चॅनलची कमाईही त्याला दिसत नाही. आठवडाभराने हा प्रवेश काढून टाकावा. पासवर्ड मात्र कोणालाही देऊ नये. 'ब्रँडकडून बोलतोय' असं सांगून पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस चॅनल चोरायला आलेला असतो.

प्रवेश नसतानाही ब्रँडला काही खुणा दिसतात. व्हिडिओ टाकल्यावर दहा मिनिटांत 'मस्त', 'खूप छान' अशा पन्नास कमेंट आल्या आणि नंतर शुकशुकाट झाला, तर त्या मागवलेल्या असण्याची शक्यता मोठी. खरा शेतकरी प्रश्न विचारतो, उलट बोलतो, आपल्या शेतातला अनुभव सांगतो, आणि त्याच्या कमेंट फवारणीच्या हंगामात महिनाभर येत राहतात.

विक्री किती झाली, हे मोजता येईल?

पूर्ण नाही. शहरातले ब्रँड डिस्काउंट कोड देतात आणि किती जणांनी वापरला ते मोजतात. फवारणी पंप मात्र शेतकरी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन, हातात घेऊन, अनेकदा उधारीवर घेतो. तिथे कोड कोणी विचारत नाही. अशा वेळी फक्त कोडवर हिशोब केला, तर चालणारी जाहिरातही अपयशी दिसते.

जास्त उपयोगी दोन गोष्टी आहेत. एक, व्हिडिओत चौकशीसाठी असा व्हॉट्सॲप नंबर द्यायचा जो दुसरीकडे कुठेच दिलेला नाही. त्यावर आलेल्या चौकशा म्हणजे या व्हिडिओच्या चौकशा. दोन, अहमदपूर, लोहा, कंधार अशा ठिकाणच्या चार-पाच दुकानदारांना सांगून ठेवायचं, की पंप घेणाऱ्याला 'कुठून कळलं?' एवढं विचारा आणि वहीत खूण करा. सोयाबीनची पेरणी जून-जुलैमध्ये होते आणि फवारण्या त्यानंतर सुरू होतात. त्यामुळे व्हिडिओ जूनच्या आसपास यावा आणि मोजणी ऑगस्टअखेरपर्यंत चालावी.

कंपनीने आपला हिशोबही मांडावा. समजा एका पंपामागे ६०० रुपये सुटतात. मग ९,००० रुपये वसूल व्हायला १५ पंप विकले जायला हवेत. दोन जिल्ह्यांतल्या अंदाजे २,५०० व्ह्यूजमधून १५ विक्री, म्हणजे दर हजारी सहा. हे जमेल की नाही ते कंपनी आपल्या अनुभवावरून ठरवू शकते. चॅनलने मात्र विक्रीची हमी देऊ नये. पंपाची किंमत, दुकानातला साठा आणि पाऊस यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं.

'जाहिरात' असं लिहिणं बंधनकारक आहे का?

हो. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत वेगळ्या सूचना दिल्या. पैसे घेतले असोत किंवा पंप फुकट मिळाला असो, ब्रँडशी असलेला संबंध प्रेक्षकाला सहज दिसेल अशा रीतीने सांगायचा असतो. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेला शब्द चालत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना पेड प्रमोशनची खूणही करावी लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसं केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या व्यक्तीला वर्षभर, पुन्हा तसं केल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते. चॅनल छोटं आहे म्हणून सूट नाही. 'पंप आधी शेतात वापरेन' हे वाक्य त्यामुळे कामाचं आहे, कारण जाहिरात करणाऱ्याने आपलं मत पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं ठेवावं, अशी नियमांची अपेक्षा आहे.

हे पत्र कुठे उपयोगी पडणार नाही?

कंपनीला राज्यभर फक्त नाव पोचवायचं असेल, तर दोन जिल्ह्यांतले सुमारे २,५०० व्ह्यूज तिच्या गणितात बसत नाहीत. शिवाय दहा छोट्या चॅनलशी बोलणी, दहा करार, दहा बिलं यात कंपनीच्या माणसांचा वेळ जातो. एका मोठ्या चॅनलला जास्त पैसे देऊन ती कटकट टाळणं अनेकांना परवडतं. यावर एक मार्ग आहे. शेजारच्या तालुक्यांतल्या चार-पाच चॅनलनी एकच पत्र द्यावं, प्रत्येकाचे मध्यक आणि तिसऱ्या मिनिटाचे आकडे एका तक्त्यात, आणि बोलायला एकच माणूस.

आणि एक अट सगळ्यांनाच लागू आहे. हे आकडे वर आलेच नाहीत, म्हणजे मधला व्हिडिओ चारशे व्ह्यूजचा असेल आणि तिसऱ्या मिनिटाला पंधरा टक्केच टिकत असतील, तर असं पत्र पाठवण्यात अर्थ नाही. कोणत्या क्षणी लोक निघून जातात, हे तोच रिटेन्शनचा आलेख दाखवतो. तिथून सुरुवात करायची आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा मोजायचं.